टायरची आतली बाजू

नवऱ्याच्या डोळ्याचा पडदा निसटला आणि डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला कायमची मनाई केली, म्हणून मी चौतिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकायला गेले. आम्ही तेव्हा दिल्लीत तिमारपूरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात असिस्टंट होते. आमची जुनी मारुती क्वार्टरच्या खाली ताडपत्रीखाली उभी होती आणि येता-जाता नवरा तिच्याकडे ज्या तऱ्हेनं बघायचा, ते मला बघवत नव्हतं.

कॉलनीच्या बाहेर, डेअरीच्या शेजारी एक ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात उभी असलेली एक पांढरी मारुती. तिला डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच बसवलेला होता, म्हणजे शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याला गाडी थांबवता यावी. मे महिना चालू होता. ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून आमची बॅच सकाळी सहाची होती.

बॅचमध्ये आम्ही तिघं होतो. मी, कमला नगरची एक नुकतीच लग्न झालेली मुलगी, जिला आम्ही नवी सूनच म्हणायचो, आणि एक निवृत्त मास्टरजी. मास्टरजींनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं. वय साठीच्या पुढे, पांढरा कुडता, खिशाला पेन. त्यांच्या बायकोच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला रक्त शुद्ध करून घ्यायला न्यावं लागायचं, आणि परत येताना ती इतकी गळून गेलेली असायची की रिक्षातले धक्के तिला सोसत नसत. मुलगा परदेशात. त्याने पाठवलेल्या पैशांतून मास्टरजींनी गाडी घेतली होती आणि ती चालवणारं घरात कोणी नव्हतं.

शिकवणारे होते आमचे उस्ताद. दिल्लीत ड्रायव्हिंग शिकवणाऱ्याला सगळे उस्तादच म्हणतात. हे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी फॉर्मवरचं माझं आडनाव वाचून त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "ताई, आपल्याकडच्या काय?" बास, एवढंच. त्यानंतर ते माझ्याशी मराठीत बोलत आणि बाकीच्यांशी हिंदीत, पण सलगी म्हणून काही वाढवली नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला गाडीत बसूच दिलं नाही. तिघांना गाडीच्या पुढे उभं केलं आणि एक छोटंसं भाषण दिलं. ते हिंदीत होतं. मला जसं आठवतं तसं मी मराठीत लिहिते.

"रस्त्याला गाडी किती ठिकाणी लागते?" त्यांनी विचारलं.

"चार," मास्टरजी म्हणाले.

"आणि प्रत्येक ठिकाणी किती?"

त्यांनी स्वतःचा पंजा पसरून दाखवला. "एवढी. तुमचं स्टिअरिंग, तुमचा ब्रेक, तुमच्या घरचे मागे बसलेले लोक, सगळं या चार पंज्यांवर आहे. इंजिन बंद पडलं तर तुम्ही रस्त्यात उभे राहाल. टायर गेला तर तुम्ही कुठे जाल ते तुमच्या हातात नाही. म्हणून रोज गाडीला हात लावायच्या आधी पाच मिनिटं टायरची. एक दिवस एकानं बघायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं."

मग ते खाली बसले. खिशातून हवा मोजायचा गेज काढला, व्हॉल्व्हची टोपी फिरवून काढली आणि गेज दाबला. हवा टायर थंड असतानाच मोजायची, ते म्हणाले. गाडी चालली की टायर तापतो आणि आकडा वाढतो. तो वाढलेला बघून कोणी हवा सोडली तर थंड झाल्यावर टायर खाली बसलेला असतो. कमी हवेचा टायर चालताना बाजूंनी वाकत राहतो, वाकून वाकून आतून तापतो आणि अशा उन्हात एक दिवस फुटतो. टोपी लावण्याआधी त्यांनी बोटाला थुंकी लावली, व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवली आणि बुडबुडा येतो का ते बघितलं. नवी सून तोंड फिरवून हसली.

मग खाचा. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो संपला. मग खिळे, काचा, चिरा. चाकाचे नट हातानं चाचपून. मग ते म्हणाले, "आता जे कोणी बघत नाही ते." त्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, तशी पुढच्या चाकाची आतली बाजू उघडी पडली. गुडघ्यावर बसून त्यांनी हात आत घातला आणि डोळे मिटून तळवा टायरच्या कडेवरून सावकाश फिरवला.

"खड्ड्यात चाक आपटलं की आतले दोरे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. मग एखाद्या दिवशी तिथे फुगा येतो. कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्यानं. फुगा आला म्हणजे त्या जागी दोरे नाहीत, नुसतं रबर आहे. तो कधी फुटेल ते सांगता येत नाही. आज नाही फुटला म्हणून उद्या नाही, असं नसतं. फुगा दिसला की गाडी जागची हलवायची नाही." त्यांनी आम्हाला गाडी हातभर पुढे ढकलायला लावली, कारण टायरचा जो भाग जमिनीवर टेकलेला असतो तो तपासायचाच राहून जातो. आणि शेवटी डिकी उघडून स्टेपनी.

"चालू गाडीत टायर फुटलाच तर?" मास्टरजींनी विचारलं.

"ब्रेक मारायचा नाही. पाय शिवशिवेल, तरी मारायचा नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, सरळ ठेवायचं, रेस सोडायची, गाडी आपोआप मंद होऊ द्यायची. मग कडेला."

नव्या सुनेनं विचारलं, "उस्तादजी, आपका कभी हुआ है ऐसा?"

ते उठले, पँटवरची माती झटकली. "माझं नाही झालं. मी फौजेत रिकव्हरीची गाडी चालवायचो. ज्यांचं व्हायचं त्यांच्याकडे मी नंतर पोचायचो." आणि थोडं थांबून, "पोचलो की मी आधी टायर बघायचो. माणसं काहीही सांगतात."



पुढचे दहा-बारा दिवस असंच चाललं. पाच मिनिटं टायर, मग रिजवरचे, म्हणजे जवळच्या जंगलातल्या टेकाडावरचे, शांत रस्ते. मला सांगायला लाज वाटते, पण आम्ही त्या पाच मिनिटांना कंटाळलो होतो. नव्या सुनेच्या बांगड्या अडकत, साडीला माती लागे. मला सव्वाआठची चार्टर्ड बस पकडायची असे. मास्टरजी मात्र गणिताची वही तपासावी तसे एकेक चाक तपासत. त्यांची पाळी असली की आमची पाचाची दहा मिनिटं होत.

एका संध्याकाळी स्कूलची गाडी दुसऱ्या बॅचकडे होती. त्यांना शिकवायला मालक स्वतः बसत. मालक चाळिशीचे, जाडसर, हसतमुख गृहस्थ. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो तेव्हा ते दारातच चहा पीत उभे होते, जे सहसा व्हायचं नाही. त्या दिवशी मास्टरजींची लायसन्सची टेस्ट होती, दहा वाजता. त्याआधी त्यांना शेवटचे दोन फेरे मारायचे होते, उतारावरचा ब्रेक आणि चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं.

टायर बघायची पाळी माझी होती.

उजवीकडची दोन्ही चाकं मी भराभर उरकली. मागचं डावंही. मग पुढच्या डाव्या चाकापाशी आले, स्टिअरिंग वळवलेलं होतं, मी हात आत घातला. आणि माझा तळवा थांबला. एवढ्या दिवसांत त्या जागेवरून हात फिरवून मला तिथला सपाटपणा पाठ झाला होता. तिथे आता काहीतरी होतं. अर्ध्या लिंबाएवढं, गुळगुळीत. मी बोटानं दाबलं तर ते किंचित आत गेलं आणि परत आलं. एखाद्या जिवंत गोष्टीला हात लागावा तसा मी हात झटकन बाहेर काढला.

"उस्ताद," मी म्हटलं, "इथे बघा जरा."

त्यांनी बघितलं नाही, नुसता हात घातला. मग खिशातून खडूचा तुकडा काढला आणि गुडघ्यावर बसून त्या उंचवट्याभोवती एक गोल ओढला. फौजेतली सवय असावी. उठून त्यांनी मालकांना हिंदीत विचारलं, "काल संध्याकाळी गाडी कुठे आपटली?"

"थोडी लगी थी, डिव्हायडर के कोने से," मालक म्हणाले. "कुछ नहीं हुआ उस्ताद, चली तो आयी घर तक."

"टायर गेला आहे. स्टेपनी लावतो."

डिकी उघडली तर स्टेपनी नव्हती. मालकांनी आदल्या दिवशी ती स्वतःच्या गाडीला लावली होती. "करोल बागहून टायर मागवलाय, दुपारपर्यंत येईल," ते म्हणाले.

"मग गाडी दुपारनंतर."

"उस्ताद, मास्टरजींची टेस्ट आहे आज! त्यांची तारीख गेली तर पुन्हा महिना जाईल."

"जाऊ दे महिना."

इतका वेळ हसत असलेले मालक आता हसायचे थांबले. शिकणाऱ्यांसमोर नोकरानं नाही म्हणावं हे त्यांना लागलं असणार. त्यांनी टायरकडे बघितलंसुद्धा नाही. "वीस-पंचवीसच्या स्पीडला काय होतंय? दो चक्कर की बात है. मी बसतो सोबत." त्यांनी हात पुढे केला. उस्तादांनी किल्ली लगेच दिली नाही. किल्ली मुठीत धरून ते काही क्षण तसेच उभे राहिले, मग ती बॉनेटवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरले. "मैं नहीं बैठूंगा," ते म्हणाले. "और मास्टरजी, आप भी मत बैठिए."

आता जे मला सांगायचं आहे ते इथे आहे.

मास्टरजी गोंधळले होते. त्यांनी उस्तादांकडे बघितलं, मालकांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. फुगा मला सापडला होता. माझा हात त्याला लागला होता. ते मला विचारत होते, अगदी स्पष्ट, एक शब्दही न बोलता: किती मोठा आहे? खरंच एवढं आहे का?

त्यांच्या बायकोचं मला माहीत होतं. महिना म्हणजे काय हे माहीत होतं. पण मी काही त्यांच्या बायकोचा विचार केला नाही, तसं लिहिलं तर ते खोटं होईल. मी घड्याळ बघितलं. आज शिकवणी नाही म्हणजे मी लवकर घरी जाऊन भाजी करून बस पकडू शकते, असं माझ्या मनात आलं. आणि मालकांशी वाद घालायला मला नको वाटलं. परक्या माणसाशी, रस्त्यात, हिंदीत. मी खांदे उडवले. हलकेच, पण उडवले. त्याचा अर्थ कोणी 'बघा तुमचं तुम्ही' असा घेईल, कोणी 'तेवढं काही नाही' असा.

मास्टरजी गाडीत बसले.

नवी सून आधीच निघून गेली होती. मीही जायला हवं होतं, पण गेले नाही. उस्ताद रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते, मी त्यांच्यापासून थोड्या अंतरावर उभी. डेअरीवर दुधाच्या पिशव्यांचे क्रेट उतरत होते. हवा आताच तापायला लागली होती. पहिला फेरा मारून गाडी आमच्यासमोरून गेली. मालकांनी खिडकीतून हात हलवला, बघा, काही झालं का, अशा अर्थी. मास्टरजी रस्त्याकडे डोळे लावून बसले होते. डावं पुढचं चाक माझ्या समोरून गेलं. बाहेरून ते इतर तीन चाकांसारखंच दिसत होतं.

"ताई, तुम्ही घरी जा," उस्ताद म्हणाले.

"येतीलच आता," मी म्हटलं.

"म्हणूनच म्हणतो, जा."

ते कान देऊन बसले होते. नंतर मला कळलं की ते कशाचा आवाज ऐकायला बसले होते. पण आवाज आलाच नाही. रिज तिथून दूर होता. दुसरा फेरा व्हायला पाच मिनिटं लागायला हवी होती. दहा झाली. पंधरा. उस्ताद उठले, डेअरीवाल्याची सायकल मागून घेतली आणि चढाच्या दिशेनं निघाले. मी मागून चालत गेले, नंतर पळत.

उताराच्या वळणावर, दगडी कठड्याला टेकून गाडी उभी होती. तिचा डावा कोपरा आत दबला होता. सकाळी फिरायला आलेली चार-सहा माणसं जमली होती. मालक डाव्या सीटवर अडकले होते, त्यांचा पाय आत चेपला होता आणि ते एकसारखे "पानी, पानी" म्हणत होते. मास्टरजींना लोकांनी बाहेर काढून कठड्याच्या सावलीत बसवलं होतं. त्यांचा उजवा हात कोपरापासून भलत्याच दिशेला वळला होता आणि ते त्याच्याकडे, फळ्यावर कोणीतरी चुकीचं सोडवलेलं गणित बघावं तसे बघत होते. कुडत्याच्या खिशातलं पेन फुटून सगळी छाती निळी झाली होती. क्षणभर मला ते रक्तच वाटलं.

उस्तादांनी आधी दोघांना बघितलं, माणसांना कामाला लावलं, एका फिरायला आलेल्याच्या गाडीतून मास्टरजींना हिंदूराव हॉस्पिटलात पाठवलं, दार उचकटून मालकांना काढलं. हे सगळं झाल्यावर ते डाव्या चाकापाशी खाली बसले. टायरची आतली कड एका बाजूनं हातभर फाटली होती आणि तिच्या चिंध्या लोंबत होत्या. त्यातल्या एका चिंधीवर खडूची अर्धी रेघ होती.

त्यांनी मला बोलावून ती दाखवली नाही. मी स्वतःच बघितली.

मास्टरजींनी पुढे हॉस्पिटलात मला सांगितलं ते असं. वळणावर गाडीचा वेग चाळीसच्या आसपास होता, कारण मालक म्हणाले होते, टेस्टला इन्स्पेक्टर घाबरट माणसाला नापास करतात. मग फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि स्टिअरिंग डावीकडे ओढलं जाऊ लागलं. "मुझे याद था, बेटी. ब्रेक नहीं मारना है. सब याद था." त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, रेस सोडली. पण गाडी तरीही करकचून दबली आणि डावीकडे फेकली गेली. ब्रेक त्यांच्या पायानं लागला की शेजारच्या, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. दोन्ही पेडल एकमेकांना जोडलेली असतात. मालक ओरडले होते, "ब्रेक! ब्रेक!" एवढं नक्की.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, मालकांचे मोठे भाऊ आमच्या क्वार्टरवर आले. सोबत मिठाईचा डबा होता. अगदी अदबीनं बोलले. भावाचा गुडघा कायमचा गेला, दोन लहान मुली आहेत, असं सांगितलं. मग मुद्द्यावर आले. पोलीस विचारायला येतील. गाडी तपासणं हे शिकवणाऱ्याचं काम. त्यानं तपासली नसेल. "आप सरकारी मुलाजिम हैं मॅडम, थाने-कचहरी के चक्कर में क्यों पड़ती हैं? आपने कुछ देखा ही नहीं, बस."

ते गेल्यावर नवऱ्यानं दार लावून घेतलं. त्याचा तो एक डोळा अजून पट्टीत होता. मग म्हणाला, "माणूस वाईट नाही वाटला."

"ते उस्तादांवर ढकलतायत."

"उस्तादांचं ते बघतील. फौजी आहेत. तुझं नाव कशाला त्यात? ऑफिसात कळलं तर दहा जण दहा गोष्टी विचारतील."

तो भित्रा नव्हता. त्या वर्षी आमच्यावर आधीच पुष्कळ आलं होतं, आणि आणखी काही नको, एवढंच त्याचं म्हणणं होतं. माझंही तेच होतं. मी मिठाईचा डबा न उघडता फ्रिजवर ठेवला आणि दिवसभर त्याच्याकडे न बघता स्वयंपाकघरात वावरले.

सोमवारी ऑफिसला जाताना पाहिलं तर स्कूल बंद होतं. उस्ताद पायरीवर बसले होते. त्यांना बहुधा काढून टाकलं होतं, पण जायला दुसरी जागा नसावी. मला वाटलं ते विचारतील, ताई, सांगाल ना? त्यांनी विचारलं नाही. "मास्टरजींच्या हातात सळई घातली," एवढंच म्हणाले. आणि मग, "तुमची टेस्ट कधी आहे?"

मी त्या दिवशी ऑफिसला गेलेच नाही. तशीच चौकीत गेले. सब-इन्स्पेक्टर तरुण होता आणि कंटाळलेला होता. मी सांगितलं की फुगा मला सापडला, उस्तादांनी त्याभोवती खडूनं गोल काढला, गाडी न्यायची नाही असं दोनदा सांगितलं, मास्टरजींनाही बसू नका म्हणाले, आणि मालकांनी किल्ली घेतली. खडू म्हटल्यावर त्याने मान वर केली. फाटलेला टायर चौकीच्या मागच्या अंगणात पडला होता. त्याने जाऊन चिंध्या उलटवल्या आणि परत येऊन पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं.

मी सगळं सांगितलं. खांदे उडवल्याचं सोडून. ते त्याने विचारलं नव्हतं. त्या कागदावर ते कुठे लिहिणार होते, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिले.

उस्तादांवरचा आळ गेला. स्कूल पुन्हा उघडलं नाही. तिथे फोटोकॉपीचं दुकान आलं. उस्तादांना कँटोनमेंटच्या बाजूला कुठेतरी शाळेच्या बसवर काम मिळालं. जाण्याआधी त्यांनी आमची मारुती ताडपत्रीखालून काढली आणि आठ दिवस पहाटे येऊन माझं शिकणं पुरं केलं. पहिल्याच दिवशी तिचे चारही टायर त्यांनी नापास केले. खाचा नव्यासारख्या होत्या, पण उभं राहून राहून कडांना बारीक तडे गेले होते. नवऱ्यानं त्याच दिवशी नवे आणले. मी टेस्ट पास झाले.

मास्टरजींचा हात सरळ झाला नाही. चमचा तोंडापर्यंत जायचा, पण स्टिअरिंग वळवण्याइतका जोर त्यात नव्हता. त्यांची नवी गाडी दारात उभी होती. मी एकदा भेटायला गेले असताना त्यांची बायको पलंगावर पडून होती, आणि रिक्षातून आणताना काय होतं ते ती हसत हसत सांगत होती. मी म्हटलं, "शनिवारी मला सुट्टी असते. शनिवारचं मी नेईन." बुधवारसाठी त्यांनी एक टॅक्सी ठरवली.

जवळजवळ दोन वर्षं मी दर शनिवारी त्यांच्याकडे गेले. बाई गोड होत्या. वाटेत मला हिंदी शब्दांचे मराठी अर्थ विचारायच्या, आणि मी अडले की म्हणायच्या, "तुम्हें भी नहीं आता?" आणि खुश व्हायच्या. त्यांना त्या सकाळबद्दल फारसं माहीत नव्हतं. गाडी आपटली, हात मोडला, एवढंच.

निघण्याआधी मी पाच मिनिटं टायर बघायची. मास्टरजी फाटकापाशी उभे राहायचे, वाकडा हात डाव्या हातात धरून. ते मदत करत नसत आणि काही बोलतही नसत. मी गेज लावला की त्यांची नजर गेजवर, मी खाली बसले की माझ्या हातावर. पुढच्या डाव्या चाकापाशी मी आले की ते दोन पावलं जवळ यायचे. आत गेलेला माझा हात त्यांना दिसत नसे, म्हणून ते माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. मी कधी नीट वर बघितलं नाही.

एका शनिवारी, हिवाळ्यात, बाई शाल गुंडाळून मागे बसल्या होत्या आणि काचा वर होत्या. मी हात पुसत उठले. ते अगदी जवळ उभे होते.

"तुमने तो देख लिया था, बेटी," ते म्हणाले.

आवाज मऊ होता. शिक्षक हुशार विद्यार्थ्याला म्हणतो तसा तो होता की दुसरा कसला, हे मला कळलं नाही. मी पुढच्या वाक्याची वाट बघितली. माझ्याकडे सांगायला होतं, जिभेवर होतं. ते वळले, डाव्या हातानं फाटक उघडलं आणि मला गाडी काढता यावी म्हणून ते धरून उभे राहिले.

मी गाडी सुरू केली. बाई मागून म्हणाल्या, "आज ये चुप-चुप हैं ना?" मी हो म्हटलं आणि आरशात न बघता फाटकाबाहेर पडले.